‘फसलं’ या शब्दावर कापलेली क्लिप

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं एडिटिंगचं छोटं दुकान आहे. पोट भरतं ते लग्नांच्या व्हिडिओंवर. त्याशिवाय आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानांचं चित्रीकरण मी करतो, चहापाण्यावर. हे प्रकरण त्यातल्याच एका व्याख्यानाचं आहे. विषय होता सयाजीराव महाराजांचं शिक्षणधोरण. वक्त्या म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई. व्याख्यान झालं 1 तास 14 मिनिटं. मंडळाला त्यातून मिनिटभराचा शॉर्ट हवा होता, म्हणजे पुढच्या व्याख्यानाला चार तरुण चेहरे येतील अशी आशा.

पहिला शॉर्ट माझ्या भाच्यानं कापला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाईंचा फोन. रागावल्या नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, “अरे, शब्द माझेच आहेत. पण मी असं म्हटलेलं नाही.”

ग्रुपच्या बाहेर ती क्लिप गेली नव्हती, हे नशीब. मी ती मागे घ्यायला लावली आणि मूळ रेकॉर्डिंग उघडून बसलो.

ज्या भागातून क्लिप काढली होती तो भाग मी आधी हातानं कागदावर उतरवला. हे काम मी दर वेळी करतो. टाइमलाइनवर आवाजाच्या लाटा दिसतात, वाक्य दिसत नाही. कागदावर वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं. तो उतारा असा:

40:52 — आता 1906. संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी 1893 मध्ये अमरेलीत प्रयोग झालेला होता.

41:06 — माझे आजोबा सांगायचे, पोर शाळेत गेलं नाही तर बापाला दंड… (इथे आजोबांची गोष्ट, मग पाण्याचा घोट)

41:31 — आणि झालं काय? पोरं शाळेत आली, चार इयत्ता शिकली, शेतावर गेली, आणि त्यातली कितीतरी पुन्हा अक्षर विसरली.

41:42 — म्हणजे सक्तीचं शिक्षण फसलं… असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही.

41:52 — सक्तीनं पोर शाळेच्या दारात येतं. पुढे ते वाचत राहावं म्हणून गावात पुस्तक लागतं. 1910 मध्ये ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना अमेरिकेहून बोलावलं ते त्यासाठी.

42:08 — पेटीत पुस्तकं घालून ती गावोगाव पाठवली. शाळा आणि पेटी ही एकच योजना आहे. आपण तिचे दोन तुकडे करतो.

42:21 — टाळ्या.

भाच्यानं 40:52 पासून घेतलं, आजोबा गाळले, 41:31 ला जोडलं आणि ‘सक्तीचं शिक्षण फसलं’ इथे थांबला. वर ओळ टाकली, ‘सयाजीरावांचं सक्तीचं शिक्षण फसलं?’ बडोद्यात, आणि तेही महाराजांवर आयुष्यभर शिकवलेल्या बाईंच्या तोंडी!

त्याचा हेतू खोडसाळ नव्हता, हे मला ठाऊक आहे. मी विचारलं, “इथेच का कापलंस?” तो म्हणाला, “मामा, इथे सव्वा सेकंदाचा पॉज आहे. एवढी स्वच्छ जागा अख्ख्या भागात दुसरी नाही.” आणि त्याचं खरं होतं. ‘फसलं’च्या पुढे लाट अगदी सपाट झालेली, मागे फक्त पंख्याची घरघर. कात्री चालवायला याहून बरी जागा दिसत नाही.

घोळ इथेच आहे. पॉज म्हणजे वाक्याचा शेवट नव्हे. मुरलेला वक्ता नेमका वाक्याच्या मध्ये थांबतो, कारण पुढे कलाटणी द्यायची असते. त्यात मराठी वाक्याची ठेवण अशी, की ‘हे कोण म्हणतंय’ आणि ‘खरं की खोटं’ हे बहुतेक वेळा शेपटाला येतं. ‘असं म्हणतात’, ‘असं नाही’, ‘म्हणे’, ‘हे मला पटत नाही’. इंग्रजी भाषण कापणाऱ्याला ‘काही लोकांचं म्हणणं होतं’ हे सहसा सुरुवातीलाच ऐकू येतं, त्यामुळे मागून कापलं तरी विधान कुणाचं ते बऱ्याचदा शाबूत राहतं. आपल्याकडे मागून कापलं की विधानाचा मालकच बदलतो. इथे टीकाकारांचं वाक्य बाईंच्या नावावर चढलं, आणि त्यासाठी एकही शब्द बदलावा लागला नाही.

हे कानानं पकडता येतं. ‘फसलं’ म्हणताना बाईंचा आवाज खाली आलेला नाही, वरच लटकलेला आहे. डोळे मिटून ऐका, पाय पुढच्या पायरीसाठी उचललेला आहे हे कळतं. ‘पटत नाही’ला मात्र आवाज उतरतो आणि जमिनीवर टेकतो. आता माझा नेम असा आहे की शेवटाची जागा ठरवली की तिच्या पुढची दहा सेकंदं ऐकायची. पुढचा शब्द ‘असं’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘म्हणजे’ किंवा ‘नाही’ निघाला तर ती जागा सोडून द्यायची, लाट कितीही सपाट असो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग निम्म्या जागा बाद होतील.” होतात. निम्म्याहून जास्त होतात.

मी क्लिप नेहमी शेवटाकडून कापतो. आधी वाक्य कुठे टेकतं ते शोधायचं, मग मागे मागे जात सुरुवात. इथे तीन जागा निघाल्या. पहिली ‘मला ते पटत नाही’. इथे अर्थ बिघडत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘का पटत नाही?’ राहतं आणि उत्तर आम्ही कापून टाकलेलं. दुसरी ‘ही एकच योजना आहे’. विधान पूर्ण, आवाज खाली. तिसरी ‘आपण तिचे दोन तुकडे करतो’. मी तिसरी घेतली. बाईंचं बोट ठेवणं आपल्यावर आहे, महाराजांवर नाही, आणि ते त्या एका वाक्यात येतं. ते गाळलं तर क्लिप नुसती माहितीची राहते.

म्हणजे शेवट 42:21. भाच्यासारखं 40:52 पासून घेतलं तर 89 सेकंदं. आजोबांची 25 सेकंदं काढली तर 64. यूट्यूबच्या शॉर्टची मर्यादा पूर्वी 60 सेकंदांची होती, ऑक्टोबर 2024 पासून ती तीन मिनिटांपर्यंत गेली. त्यामुळे 64 ला तांत्रिक अडचण काहीच नव्हती. अडचण होती ती मधल्या सांध्याची.

सांधा म्हणजे एका वाक्याच्या शेवटाला पंचवीस सेकंदांनंतरचं वाक्य चिकटवणं. तो मी लावून पाहिला. 41:06 ला बाई उजवीकडे वळलेल्या, हातात कागद. 41:31 ला ग्लास नुकताच खाली ठेवलेला, चेहरा समोर. डोकं एका फ्रेममध्ये टुणकन उडी मारतं. लग्नाच्या व्हिडिओत अशा वेळी मी वर एखादा फुलांचा किंवा पाहुण्यांचा शॉट टाकतो, कुणाला काही कळत नाही. भाषणात मी ते करत नाही. एखाद्याच्या युक्तिवादातले दोन तुकडे जोडायचे आणि वर श्रोत्यांचा शॉट टाकून सांधा लपवायचा, म्हणजे बघणाऱ्याला हे सलग बोललं गेलं असं सांगणं. सांधा घालायचाच असेल तर तो दिसू द्यावा. चित्र थोडं मोठं करून उडी सौम्य करा हवी तर, पण झाकू नका. हे माझं मत, बरेच एडिटर मला यात जुनाट म्हणतात.

मग लक्षात आलं की पहिल्या 14 सेकंदांत क्लिपला लागणारी माहिती फक्त एकच आहे. 1906 मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं झालं, एवढंच. अमरेलीचा प्रयोग या क्लिपपुरता नसला तरी चालतो. ती एक माहिती वर लिहायच्या ओळीत गेली तर क्लिप 41:31 पासून सुरू होऊ शकते. 50 सेकंदं, मधे एकही काप नाही.

फक्त 41:31 ला पहिला शब्द आहे ‘आणि’.

क्लिप ‘आणि’पासून सुरू करू नये असा सर्रास सल्ला असतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही आहे. मी ‘आणि’ काढून ‘झालं काय?’पासून सुरू करून पाहिलं. जमलं नाही. बाईंनी ‘आणि झालं’ एका दमात म्हटलंय, ‘णि’मधला इकार सरळ ‘झा’मध्ये शिरतो. आपलं चित्रीकरण सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. एक फ्रेम अलीकडे कापलं तर ‘इझालं’ ऐकू येतं, एक फ्रेम पलीकडे गेलं तर ‘झ’ची सुरुवात कापली जाते आणि नुसतं ‘आलं काय’ उरतं. आवाज फ्रेमपेक्षा बारीक कापता येतो, तसंही केलं. तरी त्या ‘झा’ला आधीच्या इकाराचा वास राहिलाच. दोन शब्दांमध्ये जागाच नसेल तर कात्री ती तयार करू शकत नाही.

तेव्हा ‘आणि’ ठेवला, आणि वरची ओळच अशी लिहायची ठरवली की ‘आणि’ला तिचा हात धरता येईल.

ओळीचे तीन खर्डे झाले. भाच्याची प्रश्नचिन्हवाली ओळ वर आलीच आहे. प्रश्नचिन्ह लावलं की जबाबदारी सुटते असा एक समज आहे, पण वाचणारा ‘सयाजीराव’ आणि ‘फसलं’ एवढंच घेऊन पुढे सरकतो. दुसरा खर्डा माझा: ‘शाळा आणि ग्रंथालय ही एकच योजना होती’. खोटं काही नाही, पण हा बाईंचा शेवट आहे. पन्नास सेकंदं चढून त्या जिथे पोचतात ते मी पहिल्या सेकंदाला सांगून टाकलं तर त्यांनी बोलायचं कशाला? तिसरी ओळ अशी:

1906: बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं.

आणि तिच्याखाली बाई म्हणतात, “आणि झालं काय?” ओळ आणि आवाज मिळून एक वाक्य झालं. जे कापलं गेलं तेवढंच ओळीनं परत आणून दिलं. त्यात मत नाही, विशेषण नाही, ‘ऐकून थक्क व्हाल’ नाही. ओळीचं काम मी एवढंच मानतो, की सभागृहातल्या माणसाला त्या क्षणी जे माहीत होतं ते फोनवरच्या माणसाला माहीत करून द्यावं.

ओळ वेगळ्या काळ्या पट्टीवर आधी दाखवायची की बोलण्यावरच लिहायची, यावर भाच्याचं आणि माझं वाजलं. त्याला दोन सेकंदांची पट्टी हवी होती. पण पट्टीवर माणूस दिसत नाही, आवाज नाही, आणि अंगठा तेवढ्यात वर सरकतो. मी चित्रावरच लिहिली, वरच्या तिसऱ्या भागात, साडेतीन सेकंद. खाली लिहायची सोय नसते, शॉर्टमध्ये खालचा भाग नाव-मजकुरानं आणि उजवी कड बटणांनी भरलेली असते. खालची बोलीपट्टी, म्हणजे बोललेले शब्द दाखवणारी ओळ, मी जरा वर, बाईंच्या छातीच्या उंचीला घेतली. दोन मजकूर एकाच वेळी वाचायला लागतील ही भीती होती, पण इथे बाईच मदतीला आल्या. ‘आणि झालं काय?’ विचारून त्या सेकंदभर थांबतात. तेवढ्या वेळात वाचायला वरची एक ओळ आणि खालचे तीन शब्द, एवढंच.

आता काप. सुरुवातीला मी ‘आ’च्या आधी तीन फ्रेम सोडल्या. बाई बोलण्याआधी नाकानं छोटा श्वास घेतात, तो अर्धा येत होता. अर्धा श्वास फार वाईट, कुणीतरी दचकल्यासारखा ऐकू येतो. श्वास घ्यायचा तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. पूर्ण घेतला असता तर ग्लास टेबलावर ठेवल्याची टक् आत येत होती. म्हणून श्वास गाळला, तीनच्या दोन फ्रेम केल्या आणि त्यांतच आवाज शून्यातून वर आणला. तो चढ नसता तर पंख्याची घरघर एकदम सुरू होते आणि कानाला ‘टप्’ लागतं. हेडफोनशिवाय ही टप् कळत नाही. दुकानातल्या स्पीकरवर मला ती ऐकू आली नव्हती.

शेवटाला उलटी अडचण. ‘करतो’चा ‘तो’ संपायच्या आत पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. ‘तो’वर कापलं तर अर्धी टाळी येते, टाळीच्या आधी कापलं तर शब्द तुटतो. इथे टाळ्यांची पंधरा फ्रेम चालू दिली आणि पुढच्या दहांत आवाज उतरवला. शॉर्ट संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे टाळ्या विरून ‘आणि झालं काय?’ येतं. ते मुद्दाम केलेलं नाही, पण बरं वाटतं.

एक चूक माझी स्वतःची. तास-सव्वा तासाची फाइल एडिटरमध्ये जड जाते म्हणून मी आधी हवा तेवढा तुकडा कमांडनं काढून घेतो. घाईत असं काढलं:

```
ffmpeg -ss 41:31 -i talk.mp4 -t 50 -c copy a.mp4
```

`-c copy` मध्ये चित्र पुन्हा बनत नाही, जसंच्या तसं उचललं जातं, म्हणून काम क्षणात होतं. पण मग तुकडा फक्त की-फ्रेमपासूनच, म्हणजे जिचं चित्र पूर्ण साठवलेलं असतं अशा फ्रेमपासूनच, सुरू होऊ शकतो, आणि मागितलेल्या जागेच्या आधीची जी की-फ्रेम असेल तिथून तो निघतो. आमच्या फाइलमध्ये ती दीड सेकंद आधी होती. माझ्या ‘अचूक’ तुकड्याच्या सुरुवातीला बाई ग्लास ओठांना लावून उभ्या होत्या. मग दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं घेऊन पुन्हा काढलं, या वेळी चित्र नव्यानं बनवत:

```
ffmpeg -ss 41:29 -i talk.mp4 -t 56 -c:v libx264 -crf 18 -c:a aac b.mp4
```

याला वेळ लागतो, पण जागा मागितली तीच मिळते, आणि बारीक काप नंतर एडिटरमध्ये करता येतात. जास्तीचं घेतलं नसतं तर शेवटच्या टाळ्या मिळाल्याच नसत्या.

उभ्या चौकटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 1920×1080 च्या आडव्या चित्रातून उभी पट्टी जेमतेम 608 पिक्सेल रुंद निघते, ती ताणून 1080 ची करावी लागते. चेहरा किंचित मऊ दिसतो. बाई ‘पेटीत पुस्तकं घालून’ म्हणताना दोन्ही हातांनी पेटीचा आकार दाखवतात, तो डावा हात चौकटीबाहेर जात होता. तिथे चौकट हळूच डावीकडे सरकवली. त्या हातांशिवाय ती पेटी दिसत नाही.

बोलीपट्टी आपोआप बनवून घेतली आणि शब्द न् शब्द तपासला. ‘बॉर्डन’चं ‘बोर्डानं’ झालं होतं. ‘बोर्डानं साहेबांना अमेरिकेहून बोलावलं.’ वाचायला इतकं सरळ, की नजर त्यावरून घसरून जावी.

नवी क्लिप ग्रुपवर टाकण्याआधी बाईंच्या घरी जाऊन दाखवली. मुद्दाम आवाज बंद करून एकदा, मग चालू करून. मधल्या ‘सक्तीचं शिक्षण फसलं’ला माझा श्वास अडकला, कारण आवाज बंद असताना बोलीपट्टीवर तेवढंच दिसतं आणि पॉज सव्वा सेकंदाचा. भाच्यानंच तोड सुचवली. पट्टीवर ते तीन शब्द अवतरणचिन्हांत टाकले आणि पुढे ‘असं म्हणणारे तेव्हाही होते’ येईपर्यंत ते पुसलेच नाहीत. दोन्ही ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या. आता मधेच कुणी स्क्रीनशॉट घेतला तरी निदान ती अवतरणचिन्हं तरी सोबत जातील. सव्वा सेकंदाच्या आतला स्क्रीनशॉट मात्र अजूनही उघडाच आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बाईंनी दोन्ही वेळा शांतपणे पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “बरोबर आहे. पण माझे आजोबा कुठे गेले?”

मी म्हटलं, “बाई, ते पूर्ण व्याख्यानात आहेत.”

“तिथे कोण जाणार, सव्वा तास बसायला?”

म्हणून ग्रुपवर शॉर्टच्या सोबत पूर्ण व्याख्यानाचा यूट्यूबचा दुवा दिला आणि त्याच्या शेवटी `&t=2466s` लावलं. 41 मिनिटं 6 सेकंदं. दाबलं की थेट आजोबा.